चार आर्यसत्ये आणि हिंदू विचारातील दुःख व मुक्ती : तुलनात्मक निबंधाचा आराखडा

चलथाण परिसरात साखर कारखाना, कापडाचे कारखाने आणि सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग यांच्यामुळे खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत. या कुटुंबांतील काही तरुण नोकरी सांभाळून मराठीतून पदवीचा अभ्यास करतात आणि रविवारी माझ्याकडे निबंधलेखनाच्या मार्गदर्शनासाठी येतात. ‘चार आर्यसत्ये आणि हिंदू परंपरेतील दुःख व मुक्ती यांच्या कल्पना यांची तुलना करा’ हा प्रश्न त्यांना हमखास अडवतो. माहिती त्यांच्याकडे असते. अडचण मांडणीची असते. अर्धा निबंध बुद्धांवर, अर्धा उपनिषदांवर आणि शेवटी ‘दोन्हींचे सार एकच’ असे एक वाक्य, अशी बहुतेकांची रचना असते.

हे शेवटचे वाक्य वाटते तेवढे निरुपद्रवी नाही. माझ्यासमोर वारकरी घरातला मुलगा आणि बौद्ध घरातली मुलगी शेजारी शेजारी बसतात. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असे मी मानणार नाही, अशा आशयाची एक प्रतिज्ञा आहे. म्हणजे ‘सार एकच’ हे वाक्य एका विद्यार्थ्याला उदार वाटते, तर दुसरीला त्यात आपली ओळख पुसल्यासारखी वाटते. दोघांनाही मान्य व्हावा असा निबंध लिहायचा, तर साम्य कुठपर्यंत आहे आणि फाटा नेमका कुठे फुटतो हे दाखवावे लागते. पुढील आराखडा त्यासाठी आहे.

१. तुलनेचा दुसरा पक्ष निवडणे

‘हिंदू परंपरा’ हा तुलनेचा पक्ष म्हणून फार मोठा आहे. न्यायदर्शनात अपवर्ग म्हणजे दुःखापासून कायमची सुटका. तिथे आनंदाची हमी नाही. अद्वैत वेदान्तात ब्रह्म हेच आनंदस्वरूप आहे. वारकरी संतांकडे आलो तर तुकोबा मुक्ती बाजूला ठेवून भक्तीसाठी पुन्हा जन्म मागतात. या तिघांना एका वाक्यात बसवले की ते वाक्य निदान एकाबाबत खोटे ठरते.

म्हणून मी विद्यार्थ्यांना एकच दर्शन मुख्य म्हणून घ्यायला सांगते आणि ते म्हणजे पतंजलींचे योगदर्शन. कारण साधे आहे. आर्यसत्यांसारखाच चार भागांचा साचा तिथे स्पष्ट सापडतो. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात, म्हणजे साधनपादात, दुःखाचा विचार चार शब्दांत बांधला आहे. टाळायचे ते ‘हेय’, त्याचे कारण ‘हेयहेतू’, त्याचे नाहीसे होणे ‘हान’ आणि नाहीसे करण्याचा उपाय ‘हानोपाय’. (हा ‘हान’ शब्द ‘हानी’ या आपल्या शब्दाचा भाऊ असला तरी येथे त्याचा अर्थ नुकसान असा नाही, टाकून देणे, सुटणे असा आहे.) व्यासभाष्यात या चारांची सांगड वैद्यकशास्त्राशी घातली आहे : रोग, रोगाचे कारण, आरोग्य आणि औषध. बौद्ध परंपरेतही बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात चार सत्यांना हीच रोग-औषधाची उपमा दिलेली आढळते.

इथे एक सावधगिरी हवी. योगसूत्रे आज ज्या रूपात आहेत ती बुद्धांच्या काळानंतर काही शतकांनी रचली गेली, आणि व्यासभाष्य त्याहूनही नंतरचे. त्यामुळे ‘बुद्धांनी हा साचा पतंजलींकडून घेतला’ असे लिहिणे कालक्रमाला धरून होत नाही. दोन्हीकडे साचा एक आहे, एवढेच म्हणावे.

२. आपल्याच भाषेतले तीन शब्द

तुलनेला लागण्यापूर्वी तीन शब्दांवर थांबावे लागते. ते मराठीत रोजचे असल्यामुळे त्यांचा अर्थ आपल्याला माहीत आहे असे वाटते.

पहिला शब्द ‘दुःख’. बोलीत कोणी गेले की दुःख होते, आणि अंग दुखते ते ‘दुखणे’. या दोन अर्थांवर विसंबलेला विद्यार्थी पहिल्या सत्याचे भाषांतर ‘जगात शोक आहे’ असे करतो. सारनाथच्या पहिल्या उपदेशातली यादी मात्र जन्म, जरा, मरण, नावडत्याचा सहवास, आवडत्याचा वियोग, इच्छिलेले न मिळणे अशी पुढे जात शेवटी पाच उपादान-स्कंधांपाशी येते. शरीर, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान या पाचांना ‘मी’ म्हणून धरून ठेवणे, इथपर्यंत दुःखाची व्याप्ती जाते. पगाराच्या दिवशीही ते असते, कारण त्या दिवसाचा आनंद टिकणारा नसतो.

दुसरा शब्द ‘तहान’. पालीत दुसरे सत्य दुःखाचे कारण म्हणून ‘तण्हा’ सांगते. संस्कृत ‘तृष्णा’ प्राकृतातून येताना ‘तण्हा’ झाली आणि मराठीत ‘तहान’ म्हणून घरात आली. आपल्याकडे हा शब्द माठातल्या पाण्यापुरता उरला. पाली ग्रंथांत तो कामतृष्णा, भवतृष्णा आणि विभवतृष्णा अशा तीन रूपांत येतो. सुखाची ओढ, असत राहण्याची ओढ आणि नसण्याची ओढ. तिसरे रूप विद्यार्थी नेहमी गाळतात. ते गाळले की ‘सगळे संपून जावे’ ही इच्छाच बौद्ध ध्येय आहे असा गैरसमज शिरतो. वास्तविक त्या इच्छेलाही बुद्धांनी दुःखाच्या कारणांत घातले आहे.

तिसरा शब्द ‘निर्वाण’. मराठीत ‘निर्वाणीचा इशारा’ म्हणजे शेवटचा इशारा, आणि ‘महापरिनिर्वाण दिन’ म्हणजे पुण्यतिथी. त्यामुळे निर्वाण म्हणजे मृत्यू, हे समीकरण मनात पक्के होते. मूळ अर्थ विझणे असा आहे, आणि विझतो तो राग, द्वेष व मोह यांचा अग्नी. बुद्धांना बोधी मिळाली तेव्हा ते सुमारे पस्तीस वर्षांचे होते आणि त्यानंतर त्यांनी सुमारे पंचेचाळीस वर्षे उपदेश केला, असे परंपरा सांगते. निर्वाणाचा अर्थ मृत्यू असता तर ही पंचेचाळीस वर्षे कुठे ठेवायची?

३. साम्य कुठपर्यंत जाते

पहिल्या सत्यापाशी साम्य खरोखर जवळचे आहे. पतंजली म्हणतात की विवेकी माणसाला सर्वच दुःखरूप दिसते, आणि त्याची कारणे परिणाम, ताप व संस्कार अशी सांगतात. बौद्ध परंपरेतही दुःखाचे तीन प्रकार आहेत : प्रत्यक्ष वेदनेचे दुःख, बदलामुळे येणारे दुःख आणि संस्कार-दुःख. दोन्ही परंपरांत डोळ्याचा दृष्टान्तही येतो. लोकरीचा तंतू हातावर पडला तर कळतही नाही; तोच डोळ्यात गेला तर सहन होत नाही. सामान्य माणूस हातासारखा, जाणता माणूस डोळ्यासारखा. हा दृष्टान्त व्यासभाष्यात आहे आणि वसुबंधूंच्या ‘अभिधर्मकोशा’च्या भाष्यातही आहे.

पण या त्रयीतला ‘संस्कार’ शब्द दोन्हीकडे एकच अर्थ देत नाही. व्यासभाष्यात संस्कार म्हणजे अनुभवाचा मनावर उरलेला ठसा. सुखाचा ठसा पुन्हा त्या सुखाकडे खेचतो, म्हणून दुःख. बौद्ध अर्थाने संस्कार-दुःख म्हणजे कारणांनी घडलेली प्रत्येक गोष्ट अस्थिर असल्यामुळे असणारे दुःख. शब्द सारखा पाहून बाण काढून जोडण्याची सवय इथे घात करते. विद्यार्थ्याने त्रयी द्यावी, आणि लगेच पुढच्या वाक्यात हा फरक नोंदवावा. परीक्षकाला तिथे कळते की लिहिणाऱ्याने दोन्ही बाजू वाचल्या आहेत.

४. फाटा कुठे फुटतो

निबंधाचा कणा हा भाग आहे, म्हणून त्याला सर्वांत जास्त जागा द्यावी.

योगदर्शनात दुःखाचे कारण द्रष्टा आणि दृश्य यांचा संयोग हे आहे, आणि त्या संयोगाचे कारण अविद्या. अविद्या म्हणजे अनित्याला नित्य, अशुचीला शुची, दुःखाला सुख आणि अनात्म्याला आत्मा समजणे. आता हीच चार उलटी समजुतींची यादी पाली अंगुत्तरनिकायात ‘विपल्लास’ या नावाने आहे. म्हणजे निदानही बरेचसे जुळते. जे ‘मी’ नाही त्याला ‘मी’ समजणे ही चूक आहे, यावर दोघांचे एकमत आहे.

मग पुढचा प्रश्न विचारायचा : चूक दुरुस्त झाली की काय उरते? योगदर्शनाचे उत्तर असे की जे ‘मी’ नव्हते ते बाजूला झाले आणि खरा द्रष्टा, म्हणजे पुरुष, एकटा उरला. या एकटेपणालाच ‘कैवल्य’ म्हणतात. बुद्ध हे उत्तर देत नाहीत. पाच स्कंध तपासून ‘हे माझे नाही, हा मी नाही’ असे सांगितल्यावर ते मागे उरणाऱ्या एखाद्या द्रष्ट्याकडे बोट दाखवत नाहीत. भवतृष्णेच्या दृष्टीने पाहिले तर ‘मी शुद्ध रूपात उरेन’ ही ओढसुद्धा तहानच ठरू शकते. चूक एकच, पण ती चूक का आहे याचे स्पष्टीकरण वेगळे. योगात खऱ्या आत्म्याची ओळख चुकलेली आहे. बौद्ध विचारात आत्मा शोधण्याचा धागाच सोडायचा आहे.

दुसरा फरक कारणाच्या नावात आहे. दुसरे सत्य तण्हेला कारण म्हणते आणि अविद्येला प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत आरंभी ठेवते. पतंजली अविद्येला सर्व क्लेशांचे क्षेत्र म्हणतात आणि राग, द्वेष यांना तिच्यातून उगवलेले मानतात. दोन्हीकडे दोन्ही गोष्टी आहेत, पण शीर्षस्थानी वेगवेगळी गोष्ट आहे. त्याचा परिणाम उपायावर दिसतो. योगात हानोपाय म्हणून विवेकख्याती, म्हणजे द्रष्टा व दृश्य वेगळे आहेत याचे अखंड भान, सांगितले आहे आणि आठ अंगे त्या भानाकडे नेतात. बौद्ध मार्गाची आठ अंगे हाच चौथा भाग आहे.

दोन्हीकडे ‘आठ’ आहे म्हणून मार्ग सारखे, असे लिहू नये. नावाने पाहिले तर दोन्ही याद्यांत ‘समाधी’ हे एकच अंग सामायिक आहे. आसन व प्राणायाम यांना बौद्ध यादीत स्वतंत्र स्थान नाही. सम्यक आजीविकेला, म्हणजे पोट कशावर भरायचे या प्रश्नाला, पतंजलींच्या यादीत स्वतंत्र अंग नाही. नीतीच्या बाबतीत मात्र यम आणि सम्यक वाणी-कर्म यांचे बरेच मिळते.

५. मराठीतून लिहिणाऱ्याने टाळू नये असा आक्षेप

या विषयावर मराठीत मोठी परंपरा आहे. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त ‘सुखदुःखविवेक’ नावाचे प्रकरण लिहिले आणि परिशिष्टात गीता व बौद्ध ग्रंथ यांचा संबंध तपासला. धर्मानंद कोसंबी यांनी पाली ग्रंथ मुळातून वाचून मराठीत आणले. त्यांनी अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठातही अध्यापन केले. आणि बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (1957) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत थेट प्रश्न विचारला की चार आर्यसत्ये बुद्धांच्या मूळ उपदेशातली आहेत, की भिक्षूंनी नंतर घातलेली आहेत. जन्म, जगणे आणि मरणे सगळेच दुःख असेल, तर माणसाला आशा कुठे राहते, हा त्यांचा रोख आहे.

हा आक्षेप निबंधात एका परिच्छेदापुरता तरी यायला हवा, कारण त्यामुळे प्रश्न पुस्तकातून बाहेर येतो. आमच्या भागात उसाच्या हंगामात डांग, नंदुरबार, धुळ्याकडून तोडणी कामगार येतात. त्यांच्या पालातल्या दुःखाचे कारण तहान आहे, असे सांगणे पुरेसे आहे का? बाबासाहेबांच्या मांडणीत धम्माचा केंद्रबिंदू माणसाचे माणसाशी असलेले नाते हा आहे, आणि दारिद्र्य व अन्याय हेही दुःख आहे. विद्यार्थ्याने दोन्ही बाजू मांडाव्यात. पारंपरिक थेरवादी वाचन चार सत्यांना मूळ उपदेश मानते. बाबासाहेबांनी त्यांच्या मूळपणाविषयी शंका घेतली. कोणती बाजू घेतली यापेक्षा ही दोन वाचने वेगळी आहेत हे ओळखणे इथे महत्त्वाचे आहे.

६. हजार शब्दांचा आराखडा

पहिला परिच्छेद (सुमारे 100 शब्द) : तुलना कोणाकोणात करणार ते सांगावे, आणि मुख्य विधान एका वाक्यात द्यावे. उदाहरणार्थ : ‘दुःखाची व्याप्ती आणि निदान यांत योगदर्शन व आर्यसत्ये जवळ येतात, मुक्ती कोणाची, या प्रश्नावर ती वेगळी होतात.’

दुसरा (150) : चार सत्ये, प्रत्येकासोबत त्याचे काम. दुःख जाणायचे, कारण सोडायचे, निरोध साक्षात करायचा, मार्ग वाढवायचा. ही चार कामे पहिल्या उपदेशातच आहेत. त्यामुळे सत्ये ही नुसती मते उरत नाहीत.

तिसरा (150) : हेय, हेयहेतू, हान, हानोपाय. त्याच क्रमाने, म्हणजे वाचकाला जोड्या आपोआप दिसतात.

चौथा (150) : साम्य. डोळ्याचा दृष्टान्त, दुःखाचे तीन प्रकार, ‘संस्कार’ शब्दाचा फरक.

पाचवा (250) : फाटा. अनात्म्याला आत्मा समजण्याची चूक, आणि ती दुरुस्त झाल्यावर काय उरते.

सहावा (120) : मर्यादा. न्याय, वेदान्त, भक्ती यांतले एकच उदाहरण, आणि बाबासाहेबांचा आक्षेप.

सातवा (80) : निष्कर्ष. पहिल्या परिच्छेदातील विधान पुन्हा तसेच लिहू नये. मधल्या परिच्छेदांमुळे ते किती बदलले किंवा नेमके झाले ते सांगावे.

७. एक परिच्छेद दुरुस्त करून

वर्गात येणाऱ्या कच्च्या परिच्छेदांचा नमुना म्हणून मी हा रचला आहे :

‘दोन्ही धर्म अज्ञानाला दुःखाचे कारण मानतात. दोघांचा मार्ग आठ अंगांचा आहे. दोघांनाही मोक्ष हवा आहे. म्हणून दोन्हींचे सार एकच आहे.’

याची तपासणी एका सोप्या युक्तीने करता येते. प्रत्येक वाक्यातल्या दोन्ही बाजूंची नावे झाकावीत आणि तेच वाक्य जैन दर्शनाला लावून पाहावे. अज्ञान, मार्ग, मोक्ष ही वाक्ये थोड्याफार फेरफाराने तिथेही चालतात. जे वाक्य कोणालाही लागू होते ते तुलना करत नाही. आता तोच परिच्छेद :

‘अनात्म्याला आत्मा समजणे ही चूक योगसूत्रांत अविद्येच्या व्याख्येत आणि पाली ग्रंथांत विपल्लासांच्या यादीत येते. मात्र ही चूक दूर झाल्यावर योगदर्शनात द्रष्टा पुरुष एकटा उरतो आणि त्यालाच कैवल्य म्हणतात. बुद्ध असा उरणारा द्रष्टा सांगत नाहीत. तृष्णेचा निरोध हेच ते दुःखाच्या अंताचे वर्णन करतात. त्यामुळे कैवल्य आणि निर्वाण दोन्ही दुःखमुक्ती असली तरी ‘कोण मुक्त झाले?’ या प्रश्नाला योगाकडे उत्तर आहे, आणि बौद्ध विचारात तो प्रश्नच चुकीचा विचारलेला आहे.’

या परिच्छेदात जैन दर्शन बसत नाही. वाक्ये या दोघांचीच आहेत. शब्दसंख्या दुपटीहून अधिक झाली, पण विधान एकच आहे, आणि प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यावर उभे आहे. वारकरी घरातल्या विद्यार्थ्याला यात आत्म्याचा अपमान दिसत नाही आणि बौद्ध घरातल्या विद्यार्थिनीला बुद्ध कोणाच्या परंपरेत विरघळल्यासारखे वाटत नाहीत. दोघे त्या शेवटच्या वाक्यावर वाद घालू शकतात, आणि त्या वादासाठी लागणारे सगळे शब्द त्यांच्या हातात आहेत.